कट-ऑफ चुकली, बिल परत आलं: एफडी मोडायची की पैसे कापून घ्यायचे?

प्रश्न: भांडुपला माझा एसी दुरुस्तीचा व्यवसाय आहे, चार मुलं कामाला आहेत. बीकेसीतल्या एका कंपनीत कॉम्प्रेसर बदलणं आणि डक्ट सफाई असं काम २२ ऑगस्टला पूर्ण केलं, कम्प्लीशन रिपोर्टवर सही घेतली. मधे गावी गेलो, त्यामुळे बिल २८ तारखेला पाठवलं: २,४०,००० अधिक १८ टक्के जीएसटी. ३० तारखेला मेल आला: ‘कट-ऑफ २५ तारीख. नंतर आलेलं बिल पॉलिसीप्रमाणे नामंजूर. सप्टेंबरच्या तारखेचं नवं बिल पाठवा, पेमेंट पुढच्या सायकलमध्ये १० ऑक्टोबरला. लवकर हवं असल्यास २.५ टक्के कापून १२ सप्टेंबरला देऊ.’ ७ तारखेला पगार ९२,०००, १० तारखेला कॉम्प्रेसरवाल्याचे ७०,०००. खात्यात ४५,००० आहेत. तीन लाखांची एक एफडी आहे, दोन वर्षांची, ७ टक्क्यांची, १४ महिने झालेत. ती मोडू की कापून घेऊ? या कामात मला ३५,००० सुटतील. उद्यम नोंदणी तीन वर्षांपासून आहे, पीओमध्ये, म्हणजे कंपनीच्या खरेदी ऑर्डरमध्ये, पेमेंटला ४५ दिवस लिहिलेत, जीएसटी दरमहा भरतो.

उत्तर: दोन्ही नको. एफडी तशीच ठेवा, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट काढा आणि १० ऑक्टोबरची वाट बघा.

आधी कंपनीची ऑफर बघू, कारण मोह तिचाच जास्त आहे. अडीच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. पण ते कापले जाणार जीएसटीसकट पूर्ण बिलावर, म्हणजे २,८३,२०० वर, आणि जीएसटी तर तुम्हाला पूर्णच भरायचा आहे. तेव्हा ७,०८० रुपये सरळ तुमच्या खिशातून जातात. सुटणाऱ्या पस्तीस हजारांतला हा पाचवा हिस्सा झाला. शिवाय तुम्हाला गरज किती आहे? पगार आणि कॉम्प्रेसरवाला मिळून १,६२,०००, त्यातले ४५,००० हातात आहेत. म्हणजे १,१७,००० कमी पडतात, १,२०,००० धरा. सव्वा लाखाच्या आतली नड भागवायला पावणेतीन लाखांवर कटौती सोसायची, तीही चारच आठवड्यांसाठी. आणि एवढं करून पैसे येणार १२ तारखेला. तुमचा पगार ७ ला आहे, कॉम्प्रेसरवाला १० ला. ज्या नडीसाठी कापून घ्यायचं, ती नड त्याच्या आधीच येऊन गेलेली असेल.

एफडी मोडण्यात तोटा कमी दिसतो, पण तो दडलेला असतो. मुदतीआधी मोडली की बँक ७ टक्के देत नाही. एफडी जितके दिवस राहिली त्या मुदतीला, उघडताना जो दर होता तो धरते आणि त्यातून बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का दंड कापतात. तेव्हा एक वर्षाचा दर ६.७५ होता आणि दंड एक टक्का आहे असं धरलं, तर हातात ५.७५ पडतात. तीन लाखांवर १४ महिन्यांचा सव्वा टक्का म्हणजे सुमारे ४,३७५ रुपये गेले. उरलेले दहा महिने ७ टक्के मिळाले असते, तेही सुटले.

आता ओव्हरड्राफ्ट. बँका साधारण एफडीच्या ९० टक्क्यांपर्यंत मर्यादा देतात, दर एफडीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त असतो आणि व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांचं लागतं. ८ टक्क्यांनी १,२०,००० रुपये ७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर असे ३३ दिवस वापरले, तर व्याज ८७० रुपयांच्या आसपास. दर ९ टक्के निघाला तरी हजाराच्या आतच. त्या काळात एफडीवरचं व्याज चालूच राहतं. बऱ्याच बँकांत हे नेटबँकिंगवरूनच होतं. फक्त दोन गोष्टी बघून घ्या: ही टॅक्स वाचवणारी पाच वर्षांची एफडी नाही ना (तुमची दोन वर्षांची आहे, म्हणजे नाहीच), आणि ती कोणाच्या नावावर आहे. बायकोच्या किंवा आईच्या नावावर असेल तर शाखेत जाऊन सह्या कराव्या लागतील, कदाचित दरही वेगळा असेल. मग ७ तारखेची वाट न बघता याच आठवड्यात जा. गणपतीच्या दिवसांत शाखेत नेमका तोच अधिकारी रजेवर असतो, हा मुंबईतला जुना अनुभव.

हातात एफडीच नसती आणि पर्याय क्रेडिट कार्डाचा असता, तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याजापेक्षा अडीच टक्क्यांची कटौती मी घ्यायला सांगितली असती. तुमच्या बाबतीत ती वेळ नाही.

पैशांचं इतकं झालं. पण त्या मेलमध्ये ‘सप्टेंबरच्या तारखेचं नवं बिल’ असं जे वाक्य आहे, त्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही, आणि खरी गंमत तिथेच आहे.

अकाउंट्सवाले असं का मागतात? महिनाअखेरीला त्यांना पुस्तकं बंद करायची असतात आणि कापलेला टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत भरायचा असतो. पंचवीस तारखेनंतर आलेलं ऑगस्टचं बिल त्यांना ऑगस्टमध्ये घेता येत नाही, आणि जुन्या तारखेचं बिल सप्टेंबरमध्ये घेतलं की ऑडिटर विचारतो. म्हणून ते तारीख बदलून मागतात. यात तुमचंही भलं होऊ शकतं. ऑगस्टच्या तारखेचं बिल तसंच राहिलं तर त्यावरचे ४३,२०० रुपये २० सप्टेंबरच्या रिटर्नमध्ये भरावे लागतील (कॉम्प्रेसरच्या खरेदीवरचं क्रेडिट वजा जाता), म्हणजे पैसे हातात यायच्या तीन आठवडे आधी. नवं बिल सप्टेंबरचं झालं तर तोच कर २० ऑक्टोबरला, पैसे आल्यावर.

हे कायद्यात बसतं का? सेवा पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत बिल काढायचं असतं. तुमचं काम २२ ऑगस्टला संपलं, म्हणजे २१ सप्टेंबरपर्यंत काढलेलं बिल मुदतीत आहे. तेव्हा १ किंवा २ सप्टेंबरची तारीख टाका. ‘२५ च्या आत कधीही चालेल’ असं अकाउंट्स म्हणालं तरी थांबू नका, तिकडे २५ चालेल, जीएसटीला चालणार नाही. जुनं बिल फाडून टाकायचं नाही. नंबर तसाच ठेवून ते रद्द दाखवायचं, नवं बिल नव्या नंबरने. ऑगस्टचं जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीच्या बिलांचं रिटर्न, ११ सप्टेंबरपर्यंत भरायचं असतं. त्यात जुनं बिल अजून गेलं नसेल तर रद्द केल्याची नोंद पुरते. गेलं असेल तर क्रेडिट नोट काढावी लागेल. तुमच्या सीएला आजच फोन करून हे एवढं विचारा.

एक अडचण मात्र आहे. काही कंपन्या जीएसटीची रक्कम त्यांच्या २बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी रिटर्नमध्ये दाखवलेल्या बिलांच्या यादीत, दिसेपर्यंत रोखतात. २बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं. तुमचं सप्टेंबरचं बिल त्यांना १४ ऑक्टोबरला दिसेल, म्हणजे १० ऑक्टोबरच्या पेमेंटमधून ४३,२०० बाजूला राहतील आणि नोव्हेंबरला येतील. २,४०,००० वर एक टक्का टीडीएस म्हणजे २,४०० कापून तेव्हा हातात २,३७,६०० पडतील. ओव्हरड्राफ्ट फेडायला ते पुरेसे आहेत, पण २० ऑक्टोबरचा कर त्यातूनच बाजूला काढून ठेवा. जीएसटी रोखतात का, हे फोनवर विचारून आत्ताच कळेल.

आता ४५ दिवसांबद्दल. तुम्ही उद्यम नोंदणीतले सूक्ष्म उद्योग, काम सेवेचं, त्यामुळे २००६ चा एमएसएमई विकास कायदा तुम्हाला लागू आहे. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. आणि ती बिलाच्या तारखेपासून मोजत नाहीत, काम स्वीकारल्याच्या दिवसापासून मोजतात. २२ ऑगस्टपासून ४५ दिवस ६ ऑक्टोबरला संपतात. म्हणजे कंपनीची १० ऑक्टोबरची सायकल कायद्यापेक्षा चार दिवस मागे आहे, आणि नव्या तारखेचं बिल दिल्याने ते घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. कट-ऑफ ही त्यांची घरातली शिस्त झाली, कायद्याची मुदत तिने वाढत नाही.

पण यावरून भांडण काढू नका. उशिरासाठी रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागायचा हक्क आहे, चार दिवसांचे मात्र काही शे रुपये होतात. आणि ज्या आयकर तरतुदीला लोक ४३बी(एच) म्हणतात, जिला कंपन्या खरंच घाबरतात, तीही इथे चावत नाही. मुदत टळून गेली तरी पैसे त्याच आर्थिक वर्षात दिले तर कंपनीला खर्चाची वजावट मिळते. ती चावते फेब्रुवारी-मार्चमध्ये, जेव्हा थकलेलं बिल ३१ मार्च ओलांडतं. तेव्हा हा मुद्दा हाताशी ठेवा.

आत्ता त्याहून महत्त्वाचं काम वेगळं आहे. काम झाल्यापासून १५ दिवसांच्या आत कंपनीने कामाबद्दल लेखी हरकत घेतली, तर स्वीकाराची तारीख पुढे सरकते. ३० ऑगस्टचा मेल या पंधरा दिवसांतला आहे आणि त्यात ‘नामंजूर’ हा शब्द आहे. उद्या वाद झालाच तर कोणी म्हणू शकतो की आम्ही हरकत घेतलीच होती. म्हणून त्याच मेलला उत्तर द्या, त्यांच्या फॅसिलिटी मॅनेजरला सीसीमध्ये ठेवून. इंग्रजीत लिहाल, पण मजकूर असा:

‘आपला ३० ऑगस्टचा मेल मिळाला. बिल फक्त कट-ऑफनंतर पोहोचल्यामुळे परत केलं आहे, कामाबद्दल कोणतीही हरकत नाही, असं आम्ही समजतो. २२ ऑगस्टचा सही केलेला कम्प्लीशन रिपोर्ट सोबत आहे. २ सप्टेंबरचं नवं बिल पीओ नंबरसह जोडलं आहे. आम्ही उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग आहोत, पीओतली ४५ दिवसांची मुदत कामाच्या स्वीकारापासून ६ ऑक्टोबरला संपते. शक्य असल्यास त्याआधी पेमेंट करावं. सर्व्हिस एंट्रीचा नंबर कृपया कळवावा. लवकर पेमेंटची सवलत आम्हाला नको आहे.’

सर्व्हिस एंट्रीचं वाक्य गाळू नका. बिल वेळेत जातं, पण ज्या विभागाने काम करून घेतलं त्याने सिस्टीममध्ये काम झाल्याची एंट्रीच टाकलेली नसते. मग अकाउंट्सला बिल पीओशी जुळवता येत नाही आणि ते न बोलता पडून राहतं. तुम्ही २ तारखेला पाठवून निर्धास्त होता आणि २६ ला कळतं की पुन्हा सायकल हुकली. नंबर आला म्हणजे अडथळा सुटला. १२ तारखेपर्यंत आला नाही, तर मेल न करता फॅसिलिटी मॅनेजरकडे जाऊन उभे राहा. बीकेसीत त्यांचा एसी पुढच्या महिन्यातही तुम्हीच बघणार आहात, तुमचं ऐकलं जाईल.