उपाशीपोटी रक्त तपासणीच्या व्हिडिओत ‘उपवास’ हा शब्द टाळा

प्रश्न: कोल्हापुरात आमची छोटी लॅब आहे. उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांपैकी बरेच जण चहा पिऊन येतात, काही जण पाणीसुद्धा न पिता चक्कर येऊन बसतात. व्हॉट्सॲपवर आदल्या दिवशी पाठवायला तीनेक मिनिटांचा व्हिडिओ करायचा आहे. भीती न घालता, साध्या शब्दांत स्क्रिप्ट कशी लिहावी?

उत्तर:

तुम्ही सांगितलेल्या दोन्ही चुकांचं मूळ बहुतेक एकाच शब्दात आहे. ‘उद्या उपवास करून या’ असं सांगितलं की ऐकणाऱ्याला एकादशी नाहीतर नवरात्र आठवतं. उपवासाला दूध चालतं, केळं चालतं, चहा तर चालतोच. साबुदाण्याच्या खिचडीवर तर उपवास उभाच आहे. उलट जो कडक उपवास धरणारा आहे, तो पाणीही सोडतो. एक जण चहा पिऊन येतो, दुसरा कोरडा येतो, आणि दोघांनीही तुमचं ऐकलेलंच असतं. म्हणून स्क्रिप्टमधून हा शब्द काढून टाका. ‘उपाशीपोटी’ म्हणा, ‘अनशापोटी’ म्हणा, आणि लगेच ‘पाणी मात्र प्यायचं’ हे जोडा.

व्हिडिओत बोलणारा माणूस लॅबच्या काउंटरवरचाच असू द्या. सकाळी जो चेहरा दिसणार आहे, तोच आदल्या संध्याकाळी फोनवर दिसला की निम्मी धास्ती तिथंच जाते. सुरुवात अशी करता येईल:

“नमस्कार. उद्या सकाळी तुमचं रक्त तपासायचं आहे आणि डॉक्टरांनी उपाशीपोटी यायला सांगितलंय. यात अवघड काही नाही. रात्रीचं जेवण नेहमीसारखं जेवा, फक्त ते नऊच्या आत संपवा. उपाशी राहायचे बरेचसे तास झोपेतच जातात. सकाळी साडेसातला आलात की साडेदहा तास होतात. तेवढे पुरतात.”

इथं ‘नेहमीसारखं’ हा शब्द मुद्दाम आहे. उद्या साखर तपासायची म्हणून आज भात-भाकरी बंद, असं करणारे खूप असतात. त्या रिपोर्टवरून त्यांची रोजची साखर कळत नाही. दुसऱ्या टोकाला, रविवारी रात्री तांबडा-पांढरा रस्सा आणि मटणाचं ताट चेपून सोमवारी सकाळी चरबीची तपासणी करणारे. त्यांच्या रक्तातली चरबी रात्रभरात पुरती खाली येतेच असं नाही. ट्यूब फिरवल्यावर वरचा पिवळसर द्रव दुधासारखा गढूळ दिसतो, हे तुम्ही पाहिलं असेलच. दारूनेही रक्तातली ही चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, वाढतात, म्हणून आदल्या दिवशी ती नको. हे सगळं स्क्रिप्टमध्ये एका वाक्यात बसतं: “मटणाचा बेत आणि दारू आजच्या दिवस बाजूला ठेवा, उद्या रक्त दिल्यावर तुम्हाला कोण अडवत नाही.”

तासांचं गणित नीट सांगा, कारण लोक ते दोन्हीकडून चुकवतात. साखरेसाठी किमान आठ तास लागतात. चरबीची तपासणी उपाशीपोटी सांगितली असेल तर साधारण नऊ ते बारा. घड्याळ सुरू होतं ते जेवणापासून नाही, तर तोंडात गेलेल्या शेवटच्या घासापासून किंवा घोटापासून. आठला जेवून दहा वाजता गंगावेशीच्या कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यालं, तर मोजणी दहापासून. आणि ‘जास्त उपाशी तितकं चांगलं’ हेही खरं नाही. रात्री आठला जेवून दुपारी बाराला येणाऱ्याचे सोळा तास होतात. इतका वेळ खायला मिळालं नाही की शरीर साठवणीतली साखर आणि चरबी बाहेर काढायला लागतं आणि आकडे वेगळेच दिसू शकतात. रात्रपाळीवाल्यांसाठी वेगळं वाक्य हवं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पहाटे दोनला डबा खाणारा माणूस सकाळी सातला उपाशी नसतो. त्याला दहानंतरची वेळ द्या.

आता चहा. व्हिडिओचा गाभा हाच आहे, याला पाऊण मिनिट खुशाल द्या. मी इथं एका आजींना प्रश्न विचारायला लावेन:

“आन् नुसता अर्धा कप च्या घेतला तर चालंल का?”

“नाही आजी, उद्यापुरता नको. अर्ध्या कपात दोन चमचे साखर असते, वर दूध. ती साखर अर्ध्या-पाऊण तासात रक्तात दिसते, आणि नेमकं त्याच वेळी आम्ही सुई लावत असतो. मग साखर तुमची का चहाची, हे आम्हाला कळत नाही. बिनसाखरेचा चहा, कॉफीही नको. चहा डब्यात घेऊन या, रक्त दिलं की इथंच बसून प्या.”

हे कारण सांगणं फुकट जात नाही, कारण इथं थोडक्या आकड्यांवर मोठा निर्णय होतो. उपाशीपोटी साखर १०० च्या खाली असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, १२६ किंवा वर असेल तर डॉक्टर मधुमेहाचा विचार करून पुन्हा तपासतात. समजा एखाद्याची खरी साखर ९६ आहे आणि चहामुळे ती ११८ आली. निरोगी माणूस घरी काळजी घेऊन जातो.

चरबीच्या रिपोर्टमध्ये गंमत उलटी होते. बऱ्याच लॅब वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, थेट न मोजता हिशोबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून चांगलं वजा करायचं, आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भागही वजा करायचा. एकूण २००, चांगलं ४५ आणि ट्रायग्लिसराइड १५० असेल तर एलडीएल येतं १२५. तोच माणूस पोटभर खाऊन आला आणि ट्रायग्लिसराइड २५० झालं, तर हिशोबात एलडीएल १०५. म्हणजे खाऊन आल्यामुळे रिपोर्ट चांगला दिसला! ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशोबच धरत नाहीत. हे व्हिडिओत घालू नका, पेशंट गोंधळेल. पण ‘थोडं खाल्लं तर काय होतंय’ म्हणून काउंटरवर वाद घालणाऱ्यासाठी तुमच्या माणसांना ते माहीत असावं.

चहाशिवाय लपून राहणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत, आणि लोक त्यांना ‘खाणं’ समजतच नाहीत. अंबाबाईच्या दर्शनाहून येताना घेतलेलं पंचामृत, तोंडात टाकलेली खडीसाखर, खोकल्याचं गोड औषध, बडीशेप, च्युइंगम. तंबाखू, मिसरी आणि बिडीचं वेगळं. त्यात साखर असो-नसो, निकोटिनमुळे रक्तातली साखर वर सरकू शकते. मिसरीशिवाय सकाळ होत नाही अशा काकींना ‘रक्त देईपर्यंत थांबा’ एवढंच सांगा, व्यसनावर प्रवचन त्या व्हिडिओत नको. दात घासायला हरकत नाही, चूळ भरून पेस्ट थुंकली म्हणजे झालं. रंकाळ्यावरची धावपळ आणि तालमीतल्या जोर-बैठकाही त्या सकाळी राहू द्या, कारण जोराच्या व्यायामानेही काही आकडे हलतात.

पाण्याबद्दल मोकळेपणाने सांगा:

“साधं पाणी प्यायचं. सकाळी उठल्यावर एक-दोन ग्लास पिऊन या. पाण्याने रिपोर्ट बिघडत नाही. उलट शिर चांगली दिसते आणि एकदाच टोचून काम होतं. लिंबू, मध, साखर घातलेलं पाणी मात्र नको.”

(डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेले हृदयाचे किंवा किडनीचे पेशंट असतात. त्यांच्यासाठी ‘तुम्हाला जेवढं सांगितलंय तेवढंच’ हे शब्द खाली लिहून दाखवा.)

औषधांचा भाग सगळ्यात जपून लिहा, कारण चहाने फार तर रिपोर्ट चुकतो, इथं माणसाला त्रास होतो. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी प्रवास करत आलेला पेशंट रांगेतच घामाघूम होतो. त्यामुळे:

“साखरेची सकाळची गोळी किंवा इन्सुलिन रिकाम्या पोटी घेऊन येऊ नका. सोबत आणा, रक्त दिल्यावर खाण्याबरोबर घ्या. रात्रीचं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्याबद्दल डॉक्टरांना आजच विचारा. ब्लड प्रेशरची गोळी बहुतेकांना पाण्याबरोबर घेता येते, तेही विचारून घ्या. थायरॉईडची तपासणी असेल तर थायरॉईडची गोळी रक्त दिल्यावर. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर सुई लावण्याआधी आम्हाला सांगा.”

याच्या लगेच पुढे धीराचं वाक्य: “येताना हातपाय थरथरले, घाम फुटला, छातीत धडधडलं, तर तपासणीचा विचार सोडा. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्या आणि आम्हाला फोन करा. तपासणी उद्याही होते.” शेवटचं वाक्य कापू नका. तपासणी वाया जाईल म्हणून त्रास अंगावर काढणारी माणसं असतात.

सुईबद्दल थोडक्यात. दोन-तीन ट्यूब भरताना बघून लोकांना वाटतं बाटलीभर रक्त गेलं. सगळं मिळून एक-दोन चहाचे चमचे असतं, हे चमचा दाखवून सांगा. आधी कधी चक्कर आली असेल तर आडवं झोपून रक्त घेता येतं, फक्त सांगायला हवं. नंतर कापूस दोन-तीन मिनिटं दाबून ठेवायचा, हात सरळ ठेवून. कोपर दुमडून बसलं की निळा डाग पडायची शक्यता जास्त.

जेवणानंतरचीही साखर करायची असेल त्यांच्यासाठी वीस सेकंदांचा वेगळा तुकडा करा. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. मधुमेहाची औषधं चालू असतील तर ती नेहमीच्या वेळी, नेहमीच्या खाण्याबरोबरच. आणि पोहे-उपीट जे रोज खाता तेच खा. रक्त दिल्याच्या आनंदात कटाची मिसळ आणि वर जिलेबी खाल्ली, तर त्या दिवसाचीच साखर कळेल.

हा व्हिडिओ सगळ्यांना सरसकट पाठवू नका. तीन महिन्यांची साखर म्हणजे एचबीए१सी, हिमोग्लोबिन, थायरॉईडची टीएसएच यांना उपाशी राहायची गरज नसते. सत्तरीच्या माणसाला विनाकारण बारा तास उपाशी ठेवण्यात अर्थ नाही. ताप असेल तर आधी डॉक्टरांना विचारायला सांगा, आजारपणातही साखर वर जाते.

आणि एवढं करूनही कुणीतरी चहा पिऊन येणारच. काउंटरवर ‘उपाशी आहात ना?’ विचारलं की उत्तर ‘हो’ असंच येतं. त्याऐवजी ‘शेवटचं तोंडात काय गेलं आणि किती वाजता?’ असं विचारा, आणि ती वेळ फॉर्मवर लिहा.