कोवळे ऊन, ड्रॉप्स आणि ड्रॉपरवरची रेघ

प्रश्न: बाळ अडीच महिन्यांचे आहे आणि फक्त अंगावर पिते. डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीचे ड्रॉप्स रोज १ मिलि सांगितले आहेत. सासूबाई म्हणतात, सकाळच्या कोवळ्या उन्हात धरले की पुरे, एवढ्याशा जिवाला औषध कशाला? शिवाय परवा मेडिकलमध्ये दुसऱ्याच कंपनीची बाटली मिळाली. तिचेही १ मिलिच द्यायचे का? आम्ही कोल्हापुरात राहतो.

उत्तर:

मी कोल्हापुरातच बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि सासूबाई व सुनेमधला हा वाद माझ्या टेबलासमोर आठवड्यातून दोनदा तरी होतो. उन्हाकडे नंतर येऊ. आधी बाटली पाहू, कारण ते काम आजच्या आज करण्यासारखे आहे.

नवी बाटली हातात घ्या आणि लेबलावर ‘कोलेकॅल्सिफेरॉल’ किंवा ‘व्हिटॅमिन डी ३’ या शब्दांपुढे किती आय.यू. लिहिले आहेत आणि ते किती औषधात आहेत, हे दोन्ही वाचा. तुमच्या बाळाला दिवसाला ४०० आय.यू. हवे आहेत. पहिल्या वर्षासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारसही तेवढीच आहे. आपल्याकडे एका मिलित ४०० आय.यू. असलेले ड्रॉप्स मिळतात, तसेच एका मिलित ८०० असलेलेही मिळतात, आणि खोक्यांची रंगसंगती इतकी सारखी असते की घाईत फरक लक्षात येत नाही. नवी बाटली ८०० ची असेल, तर तुमचा डोस अर्धा मिलि. काही लेबलांवर आय.यू.ऐवजी मायक्रोग्रॅम लिहिलेले असतात. १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० आय.यू. परवापासून चुकून ८०० गेले असतील, तर घाबरू नका. सहा महिन्यांखालच्या बाळासाठी रोजची सुरक्षित कमाल मर्यादा १००० आय.यू. धरतात, त्यामुळे चार दिवसांत काही बिघडत नाही. उद्यापासून डोस बरोबर करा, एवढेच.

हे इतके ताणून सांगण्याचे कारण एक प्रसंग आहे. राजारामपुरीतल्या एका कुटुंबाकडे अमेरिकेतल्या नातेवाइकांनी व्हिटॅमिन डीची चिमुकली बाटली पाठवली होती. तिच्या एकाच थेंबात ४०० आय.यू. होते आणि अडीच मिलिच्या त्या बाटलीत ९० थेंब, म्हणजे तीन महिन्यांचा पुरवठा होता. घरी जुन्या, इथल्या बाटलीचा ड्रॉपर होता आणि ‘१ मिलि’ हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसलेला होता, म्हणून तोच ड्रॉपर रेघेपर्यंत भरून औषध दिले गेले. एका मिलित सुमारे ३६ थेंब मावतात, म्हणजे बाळाच्या पोटात एका वेळी १४,००० आय.यू.हून अधिक औषध गेले. तिसऱ्या दिवशी बाटली रिकामी झाली, तेव्हा आजोबांना शंका आली की तिकडचे लोक एवढी लहान बाटली कशी परवडवून घेत असतील, आणि ते बाटली खिशात घालून माझ्याकडे आले. एकूण गेलेले औषध ३६,००० आय.यू. होते. बाळ नीट पीत होते, उलट्या नव्हत्या. रक्तातले कॅल्शियम तपासले, ते योग्य मर्यादेत निघाले. ड्रॉप्स तीन महिने थांबवले आणि तेवढ्यावर भागले. हीच चूक मोठ्या बाटलीने महिनाभर चालली असती, तर रक्तातले कॅल्शियम वाढून बाळ मलूल होणे, दूध तोडणे, वारंवार उलट्या, बद्धकोष्ठ, लघवी फार होणे आणि वजन घटणे असे सगळे ओळीने दिसले असते. त्यामुळे ज्या बाटलीचा ड्रॉपर तिलाच वापरायचा, आणि ‘थेंब’ व ‘मिलि’ हे दोन वेगळे शब्द आहेत हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवायचे. बाळंतिणीसाठी आणलेली ६०,००० आय.यू.ची पुडी बाळाच्या औषधांजवळ ठेवूच नका. तेवढ्या एका पुडीत बाळाचा पाच महिन्यांचा डोस असतो.

आता उन्हाबद्दल. सासूबाईंच्या म्हणण्याचा अर्धा भाग खरा आहे. त्वचेत व्हिटॅमिन डी उन्हानेच तयार होते. पण ते उन्हातल्या अतिनील बी किरणांनी होते, उबेने नव्हे. सूर्य क्षितिजाजवळ असतो तेव्हा किरणांना वातावरणातून तिरपा, लांबचा प्रवास करावा लागतो आणि ओझोनचा थर हे बी किरण जवळजवळ सगळे शोषून घेतो. सकाळी सातचे कोवळे ऊन म्हणूनच कोवळे वाटते. याची घरगुती परीक्षा सोपी आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब पडत असेल, तर त्या उन्हात व्हिटॅमिन डी फारसे तयार होत नाही. कोल्हापुरात डिसेंबरातसुद्धा भर दुपारी सावली उंचीपेक्षा आखूड पडते, म्हणजे उन्हाचा तुटवडा आपल्या गावाला नाही. अडचण अशी आहे की ज्या वेळी ते ऊन कामाचे असते, त्याच वेळी आपण बाळाला घरात झोपवतो, आणि ते बरोबरच करतो. सहा महिन्यांखालच्या बाळाची त्वचा पातळ असते, दुपारच्या उन्हात ती भाजते आणि बाळाच्या अंगातले पाणीही लवकर कमी होते.

मग मधला मार्ग काढता येईल का, असे पुष्कळ जण विचारतात. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गोऱ्या बाळांना आठवड्याला अर्धा तास केवळ लंगोटावर, किंवा कपडे घालून पण डोके उघडे ठेवून दोन तास, ऊन पुरत असल्याचे दिसले होते. हा आकडा जिथे तिथे सांगितला जातो, पण तो तिथल्या त्वचेचा आणि तिथल्या उन्हाचा आहे. सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असते आणि ते हेच किरण अडवते, म्हणून आपल्या बाळांना त्याहून जास्त वेळ लागतो. किती जास्त, हे प्रत्येक बाळाचा वर्ण, कपडे आणि ऋतू यांवर ठरते. उन्हाला ड्रॉपरसारखी रेघ नसते. त्यात आपल्याकडे बाळ टोपडे, झबले आणि दुपटे यांत गुंडाळलेले असते, उघडा राहतो तो चेहरा. खिडकीच्या बंद काचेतून येणारे ऊन तर हिशेबातच धरू नका, कारण साधी काच बी किरण अडवते. आणि जून ते सप्टेंबर या काळात इथे पंचगंगेचे पाणी चढत असते, तेव्हा ऊन कोणाच्या वाट्याला येते?

‘आमची पोरे काय ड्रॉप्स पिऊन वाढली?’ या प्रश्नाला मी हसून सोडून देत नाही, कारण त्यात निरीक्षण आहे. पूर्वी बायकांचा दिवसाचा मोठा भाग अंगणात, परसात, शेतात जात असे, त्यामुळे आईच्या शरीरातला साठा बरा असे, आणि बाळ जन्मताना तोच साठा घेऊन येते. आजची आई फ्लॅटमध्ये आणि कार्यालयात असते, आणि बाळंतपणानंतर सव्वा महिना खोलीतच काढते. आईकडेच कमी असेल, तर बाळ कमी साठ्यावर जन्मते. त्या काळातही मुडदूस होताच. वाकडे पाय असलेली मुले प्रत्येक गल्लीत दिसत, फक्त त्यांना कोणी औषधाअभावी झालेला आजार म्हणत नसे.

अंगावरचे दूध कमी दर्जाचे आहे, असा याचा अर्थ कोणीही काढू नये. एरवी परिपूर्ण असलेल्या या दुधात व्हिटॅमिन डी मात्र थोडे असते, लिटरमागे साधारण २५ ते ८० आय.यू., आणि तुमचे बाळ दिवसाला लिटरभर पीतही नाही. बाळंतिणीच्या नेहमीच्या कॅल्शियमच्या गोळ्यांतल्या डीने ही तूट भरत नाही. आईने रोज ६,४०० आय.यू. घेतल्यावर दुधातून बाळाला पुरेसे मिळाल्याचे एका अमेरिकी चाचणीत दिसले आहे, पण हा प्रयोग स्वतःच्या मनाने करायचा नाही. कमतरता राहिली, तर अडीच-तीन महिन्यांच्या बाळात पाय वाकडे दिसत नाहीत; काही वेळा पहिले लक्षण म्हणून कॅल्शियम घसरून झटकाच येतो. पुढे मनगटे जाड होणे, टाळूच्या आसपासचे हाड दाबल्यावर पिंगपाँगच्या चेंडूसारखे आत जाणे आणि दात उशिरा येणे, ही चिन्हे दिसू लागतात.

म्हणून ड्रॉप्स चालू ठेवा. बाळाला मांडीवर थोडे उठते धरून, ड्रॉपर गालाच्या आतल्या बाजूला टेकवून हळूहळू सोडा. आडवे निजवून घशात पिचकारी मारल्यास ठसका लागतो. वेळेचे बंधन नाही, पण अंघोळीनंतरच्या पहिल्या पाजण्याशी जोडले की विसर पडत नाही. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका. कोणी मल्टिव्हिटॅमिन किंवा कॅल्शियमचे औषधही सुरू केले असेल, तर त्याच्या लेबलावरचे डी आधी मोजा, कारण बहुतेकांत ते असतेच. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला कॅल्शियमचे वेगळे औषध लागत नाही. बाळ कमी दिवसांचे असेल, तर हे सगळे आकडे बदलतात आणि ते तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे.

एक गोष्ट मात्र विचारल्यावाचून सांगतो. तुम्ही पूर्ण शाकाहारी असाल, आणि आपल्या जिल्ह्यातल्या पुष्कळ जैन घरांत तसे असतेच, तर स्वतःचे बी १२ तपासून घ्या. आईकडे बी १२ कमी असेल, तर दुधातही ते कमी उतरते, आणि सहा महिन्यांच्या पुढे बाळ मलूल होते, आधी येत असलेल्या गोष्टी विसरते, कधी हात थरथरू लागतात. व्हिटॅमिन डीच्या ड्रॉप्सनी ही कमतरता भरून निघत नाही. तिचे उपचार आईलाही द्यावे लागतात.

सकाळच्या उन्हात बाळाला घेऊन गच्चीवर बसायला हरकत काहीच नाही. सासूबाईंना तसे जरूर सांगा. नऊच्या आत, अंग झाकून, दहा-पंधरा मिनिटे बसा. मात्र बाळाला कावीळ असेल, तर तिचा उपचार म्हणून या उन्हावर विसंबू नका. आणि रात्री झोपण्यापूर्वी त्या नव्या बाटलीचे लेबल वाचून आकडा मला इथेच कळवा. ८०० असेल, तर ड्रॉपरवर अर्ध्या मिलिच्या रेघेला पेनाने खूण करायला विसरू नका.