कॉम्प्रेसर लावल्यावर आजीचा ‘स’ का टोचतो

प्रश्न: माझी आजी अहिराणीत कानबाईची गाणी म्हणते, जुन्या गोष्टी सांगते. पाचोऱ्याजवळ आमच्या गावी जाऊन मी ते यूएसबी माइकवर रेकॉर्ड केलं. एका व्हिडिओत बघून ऑडॅसिटीत ट्रेबल ६ डीबी वाढवला, मग कॉम्प्रेसर ४:१ आणि थ्रेशोल्ड -२४ ठेवला. आवाज मोठा झाला, पण स आणि श कानात घुसतात, मागे सूंऽऽ ऐकू येतं आणि आवाज आजीचा वाटतच नाही. काय करू?

उत्तर:

ताई, मूळ फाइल जपून ठेवली असेल तर काही बिघडलेलं नाही. दोन्ही इफेक्ट काढून टाका आणि मूळ WAV ची एक प्रत घेऊन पुन्हा सुरुवात करा. मी धुळे-चाळीसगाव पट्ट्यात बायकांची अहिराणी गाणी रेकॉर्ड करत असतो. ‘स’ टोचायला लागला की दोष सहसा माइकला दिला जातो. तुमच्या आकड्यांवरून मात्र तो कॉम्प्रेसरनं वर आणलेला दिसतोय, आणि ट्रेबलनं त्यात भर घातली आहे.

कॉम्प्रेसर फक्त पातळी बघतो. थ्रेशोल्डच्या वर जे जाईल ते तो दाबतो, खाली राहील त्याला हात लावत नाही. आपल्या बोलण्यात जोर असतो तो आ, ओ, ए अशा स्वरांत. ‘स’ म्हणजे दातांतून निसटणारी हवा, तिची पातळी स्वरापेक्षा बरीच कमी असते. समजा आजीचा ‘आ’ -८ डीबीपर्यंत जातो आणि ‘स’ -२० वर असतो, म्हणजे दोघांत १२ डीबीचं अंतर. आता तुमचे आकडे लावून बघू. ‘आ’ थ्रेशोल्डच्या १६ डीबी वर आहे. ४:१ मुळे त्या १६ चे ४ उरतात, म्हणजे ‘आ’ -२० वर आला. आवाज पुन्हा मोठा करायला मेकअप गेन १२ डीबी दिला की तो परत -८. ‘स’चं काय झालं? ट्रेबलच्या ६ डीबीनं तो आधीच -१४ वर आला होता. कॉम्प्रेसरनं तो -२१.५ वर नेला आणि मेकअप गेननं -९.५ वर आणून ठेवला. बारा डीबीचं अंतर दीड डीबीवर आलं. ‘सासू’ म्हणताना ‘स’ आणि ‘आ’ जवळजवळ सारख्याच जोरानं कानावर आदळतात, ते यामुळे.

मागची सूंऽऽ त्याच वाटेनं आली. पंख्याची किंवा कूलरची घरघर -६० वर असेल तर ती थ्रेशोल्डच्या कितीतरी खाली आहे, म्हणून कॉम्प्रेसर तिला दाबत नाही. मेकअप गेनचे १२ डीबी मात्र तिला पूर्ण मिळतात, आणि तिच्या वरच्या पट्टीला ट्रेबलचे ६ आणखी.

म्हणून माझा क्रम असा: आधी नको ते काढायचं, मग थोडंसं दाबायचं, आणि ‘स’ सगळ्यांत शेवटी बघायचा.

काढायची पहिली गोष्ट म्हणजे तळाची घुरघुर. टेबलाचा धक्का, लांबून जाणारा ट्रॅक्टर, विजेची ५० हर्ट्झची गुणगुण हे सगळं खाली असतं. बाईच्या आवाजाचा पाया साधारण १६५ ते २५५ हर्ट्झच्या दरम्यान असतो, त्यामुळे High-Pass Filter ८० हर्ट्झवर लावला तरी आजीचं काहीच जात नाही. पुरुषाचा आवाज असेल तर मात्र ८० च्या वर चढू नका.

नंतर खोलीचा आवाज. धाब्याच्या घरात मातीच्या भिंती तशा दयाळू असतात, पण पत्र्याच्या किंवा नव्या सिमेंटच्या लहान खोलीत आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. तो डबा बहुतेक वेळा ३०० ते ५०० हर्ट्झमध्ये सापडतो. शोधायची रीत सोपी आहे. Filter Curve EQ मध्ये ३०० च्या आसपास ८ डीबीचा अरुंद उंचवटा करा, तो हळूहळू ५०० कडे सरकवत ऐका. जिथे आवाज सगळ्यांत घुमतो तिथे थांबा, उंचवटा काढा आणि त्याच जागी ३ डीबीचा रुंद खळगा करा. हे केलं की शब्द आपोआप पुढे येतात. ज्या स्पष्टतेसाठी तुम्ही ट्रेबल वाढवला ती बरीचशी इथेच मिळते, आणि ‘स’ला धक्काही लागत नाही. माझ्या मते घरगुती रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यांत जास्त फायदा देणारं काम हेच आहे.

ऊब हवी असेल तर २०० हर्ट्झच्या आसपास दीड-दोन डीबी रुंद उचल द्या. पण आधी तपासा: माइक एका दिशेनं ऐकणारा असेल आणि आजी अगदी जवळ बसली असेल तर खालचे सूर माइकनंच फुगवलेले असतात. मग तिथे उचल दिली की आवाज ऊबदार न होता गढूळ होतो, ‘बाई’ आणि ‘भाई’ सारखंच ऐकू यायला लागतं. अशा वेळी उलट २ डीबी कमी करावं लागतं. एवढं झाल्यावरही शब्द मागे वाटले तर ३ किलोहर्ट्झच्या आसपास जास्तीत जास्त २ डीबी द्या. त्याच्या वर वाढवायला जाऊ नका.

आता कॉम्प्रेसर. ऑडॅसिटीच्या २०२४ मध्ये आलेल्या ३.६ पासून Compressor मध्ये किती दाबलं जातंय ते आलेखावर दिसतं, आणि ट्रॅकच्या Effects बटणातून तो लावला तर मूळ आवाज न बदलता आकडे फिरवता येतात. जुनी आवृत्ती असेल तर नवी घ्या. रेशो २:१ ठेवा. मग आजी जिथे जोरात बोलली आहे तो तुकडा वाजवत थ्रेशोल्ड वरून खाली आणा, आणि सगळ्यांत मोठ्या शब्दांवर ३ डीबी, फार तर ४ डीबी दाब दिसला की थांबा. आपल्या उदाहरणात हा थ्रेशोल्ड -१४ येतो. ‘आ’ त्याच्या ६ डीबी वर, त्यातले ३ उरले, मेकअप गेन ३ दिला की परत -८. ‘स’ -२० वरून -१७ वर येतो आणि घरघर -५७ वर. अंतर बारावरून नऊ झालं, जे कानाला खटकत नाही.

अटॅक म्हणजे दाबायला सुरुवात करताना कॉम्प्रेसर घेतो तो वेळ. तो १५ ते २० मिलिसेकंद ठेवा, म्हणजे ‘क’, ‘ट’, ‘प’ची सुरुवात बोथट होत नाही. रिलीज म्हणजे दाब सोडायला लागणारा वेळ, तो १५० ते २०० मिलिसेकंद. रिलीजकडे फारसं कुणी बघत नाही, पण इथे तो महत्त्वाचा आहे. शब्दातला ‘स’ साधारण शंभर-दीडशे मिलिसेकंद टिकतो. रिलीज ३०-४० ठेवला तर ‘आ’ संपताच कॉम्प्रेसर हात काढून घेतो आणि मागून येणारा ‘स’ पूर्ण मेकअप गेन घेऊन उडी मारतो. रिलीज मोठा असला की आधीच्या स्वराचा दाब त्या ‘स’वरही थोडा टिकतो. फार मोठा मात्र नको. अर्ध्या सेकंदाच्या पुढे गेलात तर मोठ्या शब्दामागचा हळू शब्द बुडतो.

गोष्ट सांगताना आजी मध्येच कुजबुजते आणि मध्येच खळखळून हसते, तिथे कॉम्प्रेसरवर सगळं सोडू नका. Envelope Tool घेऊन हसण्याचा तुकडा हातानं ५-६ डीबी खाली आणा, कुजबुज थोडी वर घ्या, आणि मग कॉम्प्रेसर लावा. वेळ जातो, पण तो काढण्यासारखा आहे. गाण्याला तर मी कॉम्प्रेसर याहूनही कमी लावतो. कानबाईच्या गाण्यात एक बाई म्हणते आणि बाकीच्या उचलून धरतात, तिथला चढ-उतार हीच त्याची चाल आहे. तो सपाट केला तर गाणं हातात राहत नाही.

एवढं करूनही एखादा ‘स’ टोचला तर त्याचं ठिकाण शोधा. फक्त तो ‘स’ निवडून Plot Spectrum उघडा. डोंगर बहुतेक ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये दिसेल, ‘श’चा त्याच्या खाली. ‘चांगला’मधला दंत्य ‘च’ही ‘स’सारखाच वागतो, तो विसरू नका. डोंगराच्या शिखरावर रुंद असा २ डीबीचा खळगा पूर्ण फाइलला चालतो. त्यापेक्षा जास्त लागत असेल तर पूर्ण फाइलला लावू नका, नाहीतर आवाज गोधडीखालून आल्यासारखा होईल. त्याऐवजी टोचणारे ‘स’ एकेक निवडून Amplify मध्ये -४ द्या. जास्त झालं की लगेच कळतं: ‘सासर’ ‘थाथर’ ऐकू येतं, जणू आजीच्या पुढच्या दाताला फट पडली. तसं वाटलं तर -४ चे -२ करा.

सूंऽऽसाठी Noise Reduction कॉम्प्रेसरच्या आधी वापरा. कुणी बोलत नाही असा एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडून Get Noise Profile दाबा, मग पूर्ण ट्रॅकवर Noise reduction ६ डीबी ठेवा. १२ किंवा त्याहून जास्त ठेवलं की शब्दांच्या शेपटीला पाण्यातून बोलल्यासारखी टिणटिण येऊ शकते, आणि ती मूळ घरघरीपेक्षा वाईट. थोडी घरघर राहू द्या, गोष्ट ऐकताना ती कुणाला खुपत नाही.

तुलना करताना एक फसगत टाळा. मोठा आवाज नेहमी चांगला वाटतो. म्हणून मूळ आणि बदललेली फाइल आधी सारख्याच पातळीवर आणा आणि मगच आलटून पालटून ऐका. सारख्या पातळीवरही नवी आवडली तरच ती ठेवा. आणि फक्त हेडफोनवर ठरवू नका, मोबाइलच्या स्पीकरवरही ऐका, कारण तुमचे नातेवाईक तिथेच ऐकणार आहेत.

शेवटी Loudness Normalization मध्ये -१६ LUFS आणि शिखरं -१ डीबीच्या खाली राहतील असा Limiter, बस. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना व्हॉइस नोट करू नका, फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉइस नोटमध्ये आवाज फार आवळला जातो आणि ‘स’ची पुन्हा खरखर होते.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा माइक आजीच्या तोंडासमोर न धरता वीतभर लांब आणि थोडा बाजूला, गालाच्या रेषेत ठेवा. ‘स’ची हवा सरळ पुढे जाते, बाजूला कमी पसरते, त्यामुळे तो रेकॉर्ड होतानाच मऊ येतो. मागच्या भिंतीला दोन गोधड्या टांगा. कूलर दुपारी बंद करून आजीला उकाड्यात बसवू नका. पहाटे, पंख्याशिवाय बसता येतं तेव्हा रेकॉर्ड करा.