चावीचं घड्याळ: आधी टिकटिक ऐका

जुनं एचएमटी जनता घड्याळ मिळालं ना? मग उघडायची घाई नको. चावी द्या आणि कानाला लावा.

चावी दिली की आतली मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. तिला अडवलं नाही तर ती झर्रकन उलगडेल आणि काटे गरागरा फिरतील. अडवायचं काम पॅलेट फोर्क या छोट्या दुबेळक्याचं. तो स्प्रिंगच्या जोरावर फिरणाऱ्या एस्केप व्हील या चाकाचा दात किंचित सोडतो, लगेच पुन्हा धरतो. टिकटिक म्हणजे हीच धरसोड.

कधी सोडायचं, हे ठरवतं बॅलन्स व्हील. केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगमुळे ते झोपाळ्यासारखं मागे-पुढे डोलतं. झोका मोठा असो की लहान, वेळ जवळपास सारखाच लागतो. सगळी करामत इथेच आहे. प्रत्येक वेळी फोर्क त्याला हलका धक्का देतो, म्हणून ते थांबत नाही. जनतात सेकंदाला ५ ठोके, तासाला १८,०००.

घड्याळ अचानक रोज काही मिनिटं पुढे पळायला लागलं, तर वेग कमी-जास्त करणाऱ्या रेग्युलेटरला हात लावू नका. स्पीकरवर ठेवलं होतं का, आठवा. चुंबकत्वामुळे हेअरस्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, ती आखूड झाल्यासारखी वागते आणि झोके घाईचे होतात. जवळ धरलेल्या होकायंत्राची सुई टिकटिकीबरोबर थरथरली, तर दुखणं तेच. डीमॅग्नेटायझर असलेल्या घड्याळजीकडे हे काम मिनिटभराचं.