"सेफ आहे का?" असं विचारू नकोस, गेट कोण उघडतं ते विचार

अगं, तुझा मेसेज वाचला. हॉस्टेलला पाठवायच्या आधी मला दाखवलास हे फार बरं केलंस, कारण तो तसाच गेला असता तर तुला काय उत्तर आलं असतं ते मी आत्ताच सांगू शकते. तू लिहिलंयस, "हॅलो, मी सोलो ट्रॅव्हलर आहे, पहिल्यांदाच डॉर्ममध्ये एकटी राहणार आहे, तुमचं हॉस्टेल मुलींसाठी सेफ आहे का, लॉकर आहेत का, रात्री कर्फ्यू आहे का?" यावर उत्तर येणार, "येस मॅम, टोटली सेफ, लॉकर अव्हेलेबल, नो कर्फ्यू." मी कोरेगाव पार्कात एका हॉस्टेलच्या रिसेप्शनला चार वर्षं बसलेय, हे उत्तर आमच्या डेस्कच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवलेलं असायचं, मेसेज आला की चिकटवायचं आणि पाठवायचं. त्यात खोटं काही नसायचं, पण विचारणारीला त्यातून कळायचंही काही नाही. "सेफ आहे का" ला कुणी नाही म्हणत नाही ना. म्हणून प्रश्न असे विचार की ज्यांचं उत्तर हो-नाही मध्ये देताच येणार नाही, समोरच्याला उठून जाऊन बघून यावं लागेल असे.

आणि ते "पहिल्यांदाच", "एकटी" काढून टाक. डेस्कचा फोन तीन शिफ्टमधले सगळे वाचतात, कधी महिनाभरासाठी आलेला व्हॉलंटियर असतो, त्यांना हे माहीत असायची काही गरज नाही. एक बेड बुक करतेयस म्हणजे एकटी येतेयस हे त्यांना कळतंच.

आता तुझंच उदाहरण घेऊ. तू लातूरहून ट्रॅव्हल्सने पुण्याला येणार, सवाई गंधर्व संगीत महोत्सवासाठी, शुक्रवारची पहाट ते रविवार. तुझी गाडी सोलापूर रोडने येऊन हडपसरला साधारण पहाटे पाचला सोडते. सवाई मुकुंदनगरला, स्वारगेटच्या जवळ. एरवी सत्र रात्री दहाला संपतं पण शनिवारी बारापर्यंत चालतं, आणि शेवटचा गायक अर्धा सोडून तू काय उठणार नाहीस हे मला माहितीय. तिथनं रिक्षा मिळून कोरेगाव पार्कातल्या हॉस्टेलवर पोचेपर्यंत पाऊण वाजणार. म्हणजे तुला दोन वेळा गेटवर उभं राहायचंय, एकदा पहाटे साडेपाचला आणि एकदा रात्री पाऊण वाजता. सगळे जण रात्रीचा कर्फ्यू विचारतात, पहाटेचं कुणी विचारत नाही. "नो कर्फ्यू" चा अर्थ बऱ्याच ठिकाणी एवढाच असतो की तू कधीही ये, पण आतला माणूस जागा आहे असं नाही. अकरानंतर रिसेप्शन बंद, गेटला आतून कुलूप, आणि वॉचमन जिन्याखाली झोपलेला. आमच्याकडेच एक मुलगी डिसेंबरात पहाटे पाऊण तास बाहेर उभी होती, बॅग पायाशी, फोनची बॅटरी चार टक्के, आणि आमचा नाइटचा पोरगा वर गच्चीत झोपलेला, डेस्कचा फोन खाली वाजतोय. मी सहाला आले तेव्हा ती मला दिसली, ओठ निळे पडले होते गं तिचे. आमच्या साइटवर लिहिलं होतं, चोवीस तास चेक-इन. तेव्हापासून मी कुणालाही सांगते, कर्फ्यू किती वाजता असं विचारू नकोस, अमुक वाजता मी आले तर गेट कोण उघडणार आणि त्याचा नंबर काय, असं विचार.

आणखी एक, काही ठिकाणी "क्वाएट अवर्स" सांगतात, दहा किंवा अकरापासून. तो कर्फ्यू नव्हे. त्याचा अर्थ आवाज करायचा नाही, कॉमन एरियातले दिवे बंद. दोन्हीत गोंधळ होतो, म्हणून सरळ वेळ लिही, म्हणजे उत्तरही वेळेचंच येईल.

पहाटेचं अजून एक आहे. चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी बारा ते दोनच्या मध्ये असतं, तू साडेपाचला गेलीस तर बेड मिळेलच असं नाही. मग अंघोळ करता येईल का आणि बॅग कुठे ठेवायची, हे दोन्ही विचार. बॅगेसाठी "लगेज रूम" आहे म्हणतात, ती कधी कधी रिसेप्शनच्या मागची उघडी जागा असते, जिथे दिवसभर कुणीही आपली बॅग घ्यायला आत जातं. खोलीला कुलूप असतं का एवढं विचारलं की कळतं. नसेल तर लॅपटॉप, कागदपत्रं स्वतःजवळच ठेव.

आता लॉकर. लॉकर आहे म्हणजे काय? बेडखाली सरकणारा लोखंडी पिंजरा असू शकतो, भिंतीतलं चपलांच्या कपाटाएवढं खण असू शकतं. तुझी चाळीस लिटरची सॅक त्या खणात जाणार नाही, पर्स, फोन, चार्जर जाईल. म्हणून आकार विचार, सॅक मावते का असंच विचार. आणि कुलूप बहुधा आपलं लागतं, काही ठिकाणी भाड्याने किंवा डिपॉझिटवर देतात, पण त्याची दुसरी किल्ली डेस्कला असते हे लक्षात घे. आपलं कुलूप नेताना एक मजबूत, जाडजूड घ्यावंसं वाटतं, मी तेच केलं होतं. किनाऱ्यावरच्या एका गावातल्या हॉस्टेलात गेले, छान पितळी कुलूप घेऊन, आणि कोयंड्याच्या भोकातून त्याचा दांडा जाईचना, भोक छोटं. तीन रात्री पैसे आणि कॅमेरा उशीच्या खोळीत घालून झोपले, झोपले म्हणजे काय, दर तासाला हात घालून बघत होते. त्यानंतर मी बारीक दांड्याचं, चार मिलिमीटरच्या आसपासचं, नंबरवालं कुलूप नेते. ते सगळीकडे जातं. जाड कुलपाने फार काही वाढत नाही, कारण लॉकर तुटतो तो कुलपातून नाही, कोयंड्यातून. गेल्यावर कोयंडा बोटाने हलवून बघ. स्क्रू बाहेरून दिसत असतील आणि ढिले असतील तर कुलूप कितीही भारी असो, नाण्याने उघडेल. तेव्हा लगेच खाली जाऊन दुसरा बेड माग, पसारा मांडायच्या आधी.

डॉर्मबद्दल. "फिमेल डॉर्म" हे शब्द बुकिंगवर छापून आले की आपण निश्चिंत होतो. पण गर्दीच्या दिवसांत, आणि सवाईचा वीकेंड गर्दीचाच, मिक्स डॉर्म भरली आणि फिमेलमध्ये चार बेड रिकामे असले की मॅनेजरचा हात शिवशिवतो. मी हे होताना पाहिलंय, मुलींना विचारलंही जायचं नाही, "मॅम, एकच रात्र" असं सांगायचे. म्हणून आधीच लेखी घे की माझा बेड फिमेल डॉर्ममध्येच राहील आणि ती डॉर्म मिक्स केली जाणार नाही, केली तर पैसे परत. दुसरं, त्या खोलीचं दार कशाने उघडतं? कार्ड असेल तर चांगलं. पिन असेल तर तो कधी बदलतात ते विचार, कारण आमच्याकडे एकच पिन वर्षभर होता आणि गेल्या वर्षीची पाहुणीही दार उघडू शकली असती. तिसरं, बाथरूम खोलीत आहे की पॅसेजमध्ये. पॅसेजमध्ये असेल तर रात्री तीनला तुला खोलीबाहेर यावं लागणार, आणि तो पॅसेज मिक्स डॉर्मशी कॉमन असतो का, हे कळलेलं बरं. कॉमन असला म्हणून जागा वाईट ठरत नाही, मी अशा कित्येक ठिकाणी नीट राहिलेय, फक्त आधी माहीत हवं.

मग मेसेज असा लिही. मराठीतच लिही, डेस्कवर मराठी न येणारं कुणी असलं तर ते हिंदीत उत्तर देतील.

"नमस्कार, शुक्रवार ते रविवार फिमेल डॉर्ममध्ये एक बेड हवा आहे. बुक करायच्या आधी एवढं सांगाल का? मी शुक्रवारी पहाटे ५.३० ला पोचेन आणि शनिवारी रात्री १२.४५ ला परत येईन, या दोन्ही वेळी गेट कोण उघडेल आणि कोणत्या नंबरवर फोन करायचा? चेक-इनच्या आधी बॅग कुलूपबंद खोलीत ठेवता येईल का, अंघोळ करता येईल का? लॉकरमध्ये ४० लिटरची सॅक मावते का, कुलूप आपलं आणायचं का? डॉर्मचं दार कार्डने उघडतं की पिनने, आणि बाथरूम आत आहे का? गर्दी झाली तरी ही डॉर्म फक्त मुलींचीच राहील ना?"

हा मेसेज बुकिंग ॲपच्या चॅटमध्येच पाठव. फोनवर विचारलंस तर गोड उत्तर मिळेल आणि शुक्रवारी पहाटे ज्या माणसाने ते दिलं तो ड्युटीवर नसेल. चॅटमध्ये लिहिलेलं असलं की उद्या काही वेगळं निघालं तर ॲपच्या कस्टमर केअरला दाखवता येतं. आणि फुकट कॅन्सल करायची मुदत कधी संपते ते बघून तिच्या दोन दिवस तरी आधी पाठव.

उत्तर कसं वाचायचं तेही सांगते. "डोन्ट वरी मॅम, सगळं होऊन जाईल" असं आलं तर परत एकदाच विचार, फक्त गेटचं. तेव्हाही नाव-नंबर नाही आला तर दुसरं हॉस्टेल बघ, भाव शंभर-दोनशे जास्त असला तरी. उलट कुणी लिहिलं की "गेट अकराला बंद होतं, शनिवारी आधी कळवलंत तर वॉचमन उघडेल, त्याचा नंबर हा, लॉकर छोटा आहे, सॅक बेडखाली साखळीने बांधावी लागेल", तर मी तिथे डोळे झाकून बुक करीन. त्याने उणीव स्वतःहून सांगितली, म्हणजे तो खरंच जाऊन बघून आलाय. नंबर मिळाला की गुरुवारी संध्याकाळी, गाडीत बसायच्या आधी, त्यावर एक फोन करून बघ, लागतो का आणि कोण उचलतं.

आयडीचं विसरले होते. पॅन कार्ड चालत नाही बहुतेक ठिकाणी, त्यावर पत्ता नसतो. आधार ने, पण आधी व्हॉट्सॲपवर फोटो मागितला तर मास्क्ड आधार पाठव, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतं. आणि तुझ्या आधारवर लातूरचा पत्ता आहे का बघ. कॉलेजच्या वेळी पुण्याचा करून घेतला होतास ना? बरीच हॉस्टेलं लोकल आयडीवाल्यांना घेत नाहीत, पहाटे साडेपाचला दारात हे कळलं तर फार वाईट. अजून पुण्याचाच असेल तर वरच्या मेसेजमध्ये तोही एक प्रश्न घाल.

उत्तर आलं की स्क्रीनशॉट पाठव. माझं बारीक दांड्याचं कुलूप इथे पडलंय, पण ते तुला शुक्रवारी सकाळीच लागणार, तोवर माझी भेट व्हायची नाही, तेव्हा लातूरलाच एक घे. आणि पहाटे काही झालं, गेट उघडलं नाही, तर बाहेर उभी राहू नकोस, मला फोन कर, मी त्या दिवशी फोन सायलेंटवर ठेवणार नाहीये.