लिफ्टमधला लंबक: आधी त्वरणाची दिशा बघा

लंबकाच्या आवर्तकालाचं, म्हणजे T चं, सूत्र नवं शिकायचं नाही. T = 2π√(L/g) तेच ठेवा, फक्त g च्या जागी लिफ्टमध्ये किंवा रेल्वेच्या डब्यात जाणवणारा g′ घाला.

लिफ्टमध्ये बहुतेकांची चूक एकच: लिफ्ट वर चालली की लगेच g + a. वेगाची दिशा बघूच नका, त्वरणाची बघा. वर जाताना लिफ्ट थांबायला लागली तर त्वरण खाली असतं, म्हणून g − a. एकसमान वेगात काहीच बदलत नाही.

L = 1 मी., g = 9.8, a = 2 मी./से.² घ्या:

- स्थिर: 2.01 से.
- त्वरण वर: g′ = 11.8, T = 1.83 से.
- त्वरण खाली: g′ = 7.8, T = 2.25 से.

रेल्वेच्या डब्यात त्वरण आडवं, म्हणून सरळ बेरीज चालत नाही. g′ = √(g² + a²) = 10.0, T = 1.99 से. डबा वेग वाढवो की ब्रेक मारो, a चा वर्ग होतो, त्यामुळे T घटतोच. दोरी मात्र त्वरणाच्या उलट बाजूला सुमारे 11.5° कलते (tanθ = a/g), आणि लहान दोलनं त्या कललेल्या रेषेभोवती मोजायची, उभ्या रेषेभोवती नव्हे.

उतारावरची गाडी सध्या राहू द्या.