खिशातून लागलेला फोन आणि त्याचा लेखी उतारा

प्रश्न : “माझ्या भावाच्या खिशातून चुकून मला फोन लागला आणि व्हॉइसमेलवर निरोप नोंदला गेला. त्यात वारा, पावले आणि तुटक शब्द आहेत. फोनने आपोआप तयार केलेल्या लेखी उताऱ्यात मात्र भीती वाटावी असे शब्द दिसतात. त्याला विचारावे, की सगळे पुसून टाकावे?”

याच चिंतेने न्यू जर्सीत राहणाऱ्या एक ताई माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलल्या होत्या. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून त्यांची हकिगत सांगतो. त्यांचे वडील सोलापुरात विजापूर रस्त्याजवळ राहतात आणि रोज संध्याकाळी कंबर तलावाच्या बाजूला फिरायला जातात. एका संध्याकाळी सदऱ्याच्या खिशातला फोन दाबला जाऊन मुलीच्या अमेरिकेतील नंबरवर लागला. तिथे त्या वेळी सकाळ होती आणि त्या गाडी चालवत होत्या, त्यामुळे सुमारे तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण व्हॉइसमेलवर जमा झाले. दुपारी त्यांनी पडद्यावरचा इंग्रजी उतारा वाचला. रिकाम्या जागांच्या अधूनमधून त्यात ‘मनी’, ‘नो नो’, ‘डाय’ आणि ‘लीव्ह’ एवढेच शब्द होते. सोलापुरातला भाऊ वडिलांना पैशांसाठी छळत असावा, असा अर्थ त्यांनी जोडला.

मी त्यांना सर्वांत आधी विचारले की, त्या निरोपानंतर वडिलांशी तुमचे बोलणे झाले आहे का. झाले होते, त्याच रात्री वडील नेहमीसारखे बोलले होते, ताईंनाच विषय काढवला नव्हता. म्हणजे तातडीचा प्रश्न मिटलेला होता. ज्यांचा उलटा फोन उचलला जात नाही, किंवा ज्यांच्या मुद्रणात पडल्याचा, किंचाळल्याचा किंवा धापेचा आवाज आहे आणि पुढे शांतता आहे, त्यांनी मात्र उतारा वाचत बसू नये. शेजाऱ्यांना प्रत्यक्ष घरी पाठवावे आणि गरज पडल्यास ११२ वर फोन करायला लावावा. परदेशातून ११२ लावला तर तो सोलापुरात पोहोचत नाही, म्हणून हा फोन गावातल्याच माणसाने करायला हवा.

त्यानंतर आम्ही उतारा बाजूला ठेवला. या कामात लोक नेमकी इथेच गफलत करतात असे मला वाटते, कारण उतारा म्हणजे ध्वनिमुद्रणाची थोडी अस्पष्ट प्रत आहे अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात उतारा तयार करणारी यंत्रणा ऐकू आलेल्या आवाजाला तिला नेमून दिलेल्या भाषेतला सर्वांत जवळचा शब्द बसवते, आणि ताईंच्या फोनला नेमून दिलेली भाषा इंग्रजी होती. मराठी बोलणे तिच्या कानी पडले तरी ती मराठी लिहिणार नव्हती. त्यात खिशातल्या कापडामुळे उंच पट्टीचे ध्वनी दबतात, म्हणजे स, श, त, क यांसारखी व्यंजने हरवतात आणि स्वर तेवढे उरतात. वारा माइकवर आदळून घरघर करतो, आणि तो आवाज कमी करण्याच्या प्रयत्नात फोन कधीकधी बोलण्याचेही तुकडे कापून टाकतो.

मग ताईंनी हेडफोन लावून मूळ आवाज ऐकला. पहिल्या वेळी शब्दांकडे लक्ष देऊ नका, फक्त चाल ऐका, असे मी सुचवले. पावले एका लयीत पडत होती, मध्ये कुठे थबकली नव्हती, दुसऱ्या माणसाची पावले सोबत होती आणि कुणाचाही आवाज चढलेला नव्हता. दुसऱ्या वेळी त्यांनी कागदावर मिनिट-सेकंदासह खात्रीचे शब्द लिहिले आणि खात्री नसेल तिथे जागा मोकळी सोडली. ‘मनी’च्या जागी वडील चक्क ‘म्हणे’ म्हणत होते आणि ‘डाय’च्या जागी घाईत उच्चारलेले ‘दही’ होते. ‘लीव्ह’ कशाचे झाले होते ते शेवटपर्यंत कळले नाही, आणि ते तसेच मोकळे ठेवायला मी सांगितले.

उतारा न वाचलेल्या मराठी माणसाकडूनही एकदा ऐकवून घ्यावे, हा माझा आग्रह असतो. मनात शब्द आधी बसला की कान तोच शब्द ऐकतो. रिचर्ड वॉरेन या मानसशास्त्रज्ञांनी १९७० मध्ये दाखवले होते की वाक्यातला एक ध्वनी काढून तिथे खोकल्याचा आवाज घातला, तरी ऐकणाऱ्यांना तो गाळलेला ध्वनी ऐकू आल्यासारखेच वाटते. वाऱ्याच्या झोताने तुटलेल्या शब्दांचेही असेच होते. फरक इतकाच की इथे गाळलेली जागा आपली भीती भरते. ताईंनी ते मुद्रण तिथल्याच एका मराठी मैत्रिणीला काहीही न सांगता ऐकवले. तिने ‘दही’ लगेच ओळखले, आणि शेवटाकडे एक वाक्य ऐकले जे उताऱ्यात कुठेच नव्हते : “आत्ता सांगू नको तिला.”

हे वाक्य स्पष्ट होते आणि ते वडिलांच्याच आवाजात होते. ज्या शब्दांनी ताईंची झोप उडाली ते कुणी बोललेच नव्हते, आणि जे खरोखर बोलले गेले ते उताऱ्यातून गळून गेले होते. ‘तिला’ म्हणजे आपल्यालाच, असे त्यांना ठामपणे वाटले. मी त्यांना एवढेच सांगितले की, वाक्य खरे असले तरी ‘तिला’ म्हणजे कोण हे ध्वनिमुद्रण सांगू शकत नाही, ते फक्त वडील सांगू शकतात.

कसे विचारावे, यावर आमचा बराच वेळ गेला. भावाला उताऱ्याचे छायाचित्र पाठवण्याचा विचार त्यांनी सोडला, कारण एकदा घरच्या ग्रुपवर ते शब्द गेले की ‘दही’ सांगूनही ते पुसले जात नाहीत. वडिलांना अचानक वाक्य ऐकवून जाब विचारणेही मला योग्य वाटले नाही. त्यांचे खासगी बोलणे त्यांच्या नकळत ऐकले गेले आहे, ही गोष्ट त्यांना आधी कळायला हवी होती. म्हणून ताईंनी असे सांगितले : “बाबा, परवा तुम्ही फिरायला गेला होता तेव्हा तुमचा फोन चुकून मला लागला. तुमचं थोडं बोलणं मी ऐकलं. तुम्ही कुणाला तरी ‘तिला सांगू नको’ म्हणालात. ते माझ्याबद्दल होतं का? आत्ता सांगायचं नसेल तरी चालेल.” एवढे बोलून त्यांनी थांबायचे ठरवले होते आणि त्या थांबल्या.

वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला आहे, शस्त्रक्रियेची तारीख ठरली आहे, आणि मुलगी सुट्टी काढून धावत येईल म्हणून ते झाल्यावरच सांगायचे त्यांनी ठरवले होते. भाऊ दवाखान्यात सोबत जाणार होता. ताईंना राग आला आणि त्यांनी तो बोलूनही दाखवला. पण तो राग खऱ्या गोष्टीबद्दल होता, म्हणून त्यावर दोघांना बोलता आले.

वडिलांनी त्या बोलण्यात पैशांचा दबाव किंवा घरातली भीती सांगितली असती, तर आमची पुढची पावले वेगळी असती. तेव्हा ताईंनी मुद्रण जपून ठेवावे, भारतातल्या कुणीतरी ज्येष्ठांच्या १४५६७ या हेल्पलाइनवर बोलावे आणि पुढचे वडिलांच्या संमतीने ठरवावे, असे मी सुचवले असते. तसे काही नव्हते, म्हणून मुद्रणाचे काय करायचे हे त्यांनी वडिलांनाच विचारले. ते पुसून टाक म्हणाले. आयफोनवर पुसलेला व्हॉइसमेल ‘डिलीटेड मेसेजेस’मध्ये पडून राहतो, म्हणून तिथूनही काढायला मी ताईंना सांगितले, आणि वडिलांच्या फोनला आपोआप कुलूप लागण्याची वेळ भावाने तीस सेकंदांवर आणून ठेवली.